पान धरू का? "बघतो, जमलं तर येतो" म्हणणाऱ्या पाहुण्यांचे अनुभव

गेल्या महिन्यात आमची वास्तुशांत झाली. रविवारचं जेवण, केटररला बुधवारी आकडा हवा होता. यादीत 92 माणसं. 58 नक्की येणार, 11 नाही, आणि उरलेले 23 "बघतो, प्रयत्न करतो". मी त्यातले निम्मे धरून 70 पानं सांगितली. त्या 23 मधले आले चार. आठ पानांचे पैसे गेले, शिवाय दोन दिवस घरात मसालेभात. तुम्ही नक्की काय ते कसं काढून घेता?

माईची_लेक: आमचं घरगुती केटरिंग आहे. भात-आमटी थोडी पुढेमागे होते, उकडीचे मोदक मात्र नगावर असतात. "येणार ना?" विचारलंत तर "बघतो"च ऐकायला मिळणार, कारण तोंडावर "नाही" म्हणणं जड जातं. मी म्हणते, "काका, उद्या सकाळी मोदक सांगायचेत. तुमची दोन पानं धरू की नको? जेवायला नाही जमलं तर संध्याकाळी तीर्थप्रसादाला या." "येणार नाही"पेक्षा "नको धरूस" सहज म्हणता येतं. "धर की, बघू" म्हणाले तर लगेच विचारायचं, दोघं की मुलंही? खरंच येणारा माणूस आकडा सांगतो, दुसरा विषय बदलतो.

ठाणेकर७: एवढं कशाला? मी ग्रुपवर टाकतो, "शुक्रवारपर्यंत उत्तर नाही आलं तर नाही धरणार." कधी अडलं नाही.

माईची_लेक: मित्रांत चालेल. सासऱ्यांच्या आत्या उत्तर देतच नाहीत. आमंत्रण मिळालं म्हणजे येणारच, त्यात कळवायचं काय! तिघांना घेऊन येतात.

नलू: मला तर उलटा त्रास. "या एकदा जेवायला" म्हणतात, पण तारीख कुणी सांगत नाही. त्याचं काय करायचं?

ठाणेकर७: नलूताई, तो वेगळा धागा काढा :)

रात्रपाळी: मीच तो "बघतो"वाला. हॉस्पिटलात ड्युटी, पुढच्या आठवड्याचा तक्ता शनिवारी संध्याकाळी लागतो. बुधवारी हो म्हणू की नाही?

माईची_लेक: मग तक्त्याचंच सांगा ना, नुसतं "बघतो" नको. मी पान धरणार नाही, पण तुम्ही आलात तर ताट वाढेन. दहा पानांमागे एखादं जास्तीचं आम्ही करतोच. मोदक मात्र एकच मिळेल.

रात्रपाळी: एक चालेल. पण यजमानीणबाईंना हे पटतं का, ते माहीत नाही. आमच्याकडे "नको धरू" म्हटल्यावर वहिनी वर्षभर बोलल्या नव्हत्या.

धागाकर्ती: माईची_लेक, काल करून बघितलं. बारशासाठी नणंदेला फोन केला, "वन्सं, तुमची पानं धरू का?" त्या म्हणाल्या, "वहिनी, माझं धरा. ह्यांचं विचारून सांगते." आता हे एक धरायचं की दोन?