मदत हवी आहे: सीडी, म्हणजे लवकर पेमेंटची सूट, सोडली तर वर्षाला व्याज किती पडतं?

रंगवाला_सांगली
आमचं रंग-हार्डवेअरचं दुकान आहे. एका डीलरची अट अशी: 10 दिवसांत पेमेंट केलं तर 2 टक्के सीडी, नाहीतर 30 दिवसांत पूर्ण रक्कम. वडील म्हणतात, "2 टक्क्यांसाठी बँकेचं 11 टक्क्यांचं सीसी कर्ज कशाला वापरायचं?" ही तुलनाच मला पटत नाही, पण त्यांना समजवायचं कसं? बिल साधारण 1 लाख, वर 18 टक्के जीएसटी.

नाना_किराणा
महिन्याला 2 म्हणजे वर्षाला 24. घ्या की सीडी!

जमाखर्च
नाना, दिशा बरोबर आहे, पण महिना धरू नका. सीडी घेतली तरी पहिले 10 दिवस उधारी मिळतेच. ती सोडून हातात येतात फक्त पुढचे 20 दिवस, आणि त्यांचं भाडं 2 टक्के. जीएसटी नसता तर 98 हजार 20 दिवस वापरायला 2 हजार द्यायचे, म्हणजे वर्षाला सुमारे 37 टक्के.

आता तुमचं बिल. सीडी बहुतेक जीएसटीआधीच्या बेसिक रकमेवर देतात, पेमेंट मात्र जीएसटीसकट लवकर करावं लागतं. म्हणजे 1,18,000 ऐवजी 1,16,000 आधी भरायचे आणि वाचणार 2,000.

2000 ÷ 116000 × 365 ÷ 20 = 31.5 टक्के

तेवढेच पैसे सीसीतून 20 दिवस उचलले तर व्याज 700 रुपयांच्या आसपास. वडिलांना टक्के सांगू नका, 700 आणि 2,000 हे दोन आकडे शेजारी लिहून दाखवा.

सूतबाजार
आमचं उलटंच दुखणं आहे. पार्ट्या 25 व्या दिवशी पैसे पाठवतात आणि वर 2 टक्के कापूनही घेतात. याला काय म्हणायचं?

जमाखर्च
तुम्ही सीडी देणारे, हा चर्चेचा धागा सीडी घेणाऱ्यांचा आहे :) पण तुमच्या पार्ट्या जे करतात ते फुकटच्या उधारीहून गोड. पुढच्या बिलात कापलेली रक्कम डेबिट टाका.

रंगवाला_सांगली
धन्यवाद. एक सांगायचं राहिलं. डीलर 30 दिवस म्हणतो, पण 60 व्या दिवशी पैसे दिले तरी काही बोलत नाही. व्याजही लावत नाही.

जमाखर्च
मग गणित पालटलं. 20 च्या जागी 50 दिवस घाला, उत्तर येतं 12.6 टक्के. सीसी 11 ची, म्हणजे फायदा जेमतेम. शिवाय तो सूक्ष्म किंवा लघु उत्पादक म्हणून नोंदलेला असेल, तर लेखी करारातल्या मुदतीपलीकडे गेलेली आणि मार्चअखेर थकलेली रक्कम आयकरासाठी त्या वर्षी खर्चात धरता येत नाही. डीलर नुसता व्यापारी असेल तर हा प्रश्न येत नाही. सीडीची क्रेडिट नोट किती दिवसांत मिळते, तेही बघा.

नाना_किराणा
आणि सीसीची मर्यादाच भरलेली असली तर? दिवाळीआधी आमची नेहमीच भरलेली असते.

रंगवाला_सांगली
आमचीही. तेव्हा बाहेरून महिना 2 टक्क्यांनी उचलावेत का?