पिच ऑटोपायलटमध्ये पिच-रेटचा आतला लूप खरोखर आवश्यक आहे का?

विद्यार्थिनी_मिरज

माझ्या प्रकल्पात एका लहान जेट विमानाचा पिच ऑटोपायलट मांडायचा आहे. मार्गदर्शकांचे म्हणणे आहे की आधी पिच-रेटचा लूप लावून डँपिंग वाढवावे आणि मगच नाकाचा कोन धरणारा लूप लावावा. मला वाटते की कोनाचा गेन नीट निवडला तर एकाच लूपमध्ये काम भागेल. शिवाय वेग स्थिर धरणारे हे शॉर्ट-पिरियडचे प्रतिमान पुरेसे आहे का? एलिव्हेटर खाली वळला की δ धन धरला आहे.

```
α' = -0.7 α + q
q' = -8.0 α - 0.9 q - 10 δ
θ' = q
```

माहुलीकर

माझी नोकरीतील बहुतेक वर्षे उड्डाण-नियंत्रणाच्या कामात गेली. आता साताऱ्यात निवृत्त आहे, पण अशी समीकरणे दिसली की कागद-पेन्सिल हातात घेतल्याशिवाय राहवत नाही. आपल्या समीकरणांतून विमानाच्या स्वतःच्या हेलकाव्याची वारंवारता २.९४ रेडियन प्रतिसेकंद आणि डँपिंग गुणोत्तर ०.२७ येते. म्हणजे एक हेलकावा सुमारे सव्वादोन सेकंदांचा असतो आणि प्रत्येक हेलकाव्यानंतर मूळच्या जवळपास एक षष्ठांश उरतो. ही स्थिती वाईट नाही. विमान वाईट होते ते आपण त्यावर फक्त कोनाचा लूप चढवल्यावर. दोन्ही लूप धरून लाक्षणिक समीकरण लिहू.

```
δ = Kq*q + Kθ*(θ - θc)

s³ + (1.6 + 10 Kq) s² + (8.63 + 7 Kq + 10 Kθ) s + 7 Kθ = 0
```

s² च्या सहगुणकात Kθ कोठेच नाही, याकडे लक्ष द्यावे. सर्व मुळांची बेरीज त्या सहगुणकावरून ठरते. म्हणून Kq शून्य असेल, तर कोनाचा गेन कितीही बदलला तरी एकूण डँपिंगची शिदोरी १.६ एवढीच राहते. Kθ वाढवत नेला की एक वास्तव मूळ शून्यापासून निघून −०.७ कडे सरकते आणि त्या शिदोरीतला आपला वाटा उचलते. हेलकाव्याच्या जोडीकडे उरलेले कमी होत जाते आणि त्याच वेळी तिची वारंवारता वाढत असते. Kθ = १ घेऊन पाहिले, तर हेलकावा ४.२६ रेडियन प्रतिसेकंदाचा होतो आणि डँपिंग ०.१४ वर उतरते. आता एका हेलकाव्यानंतर सुमारे दोन पंचमांश उरतो. प्रवाशांना हे पोटात जाणवेल.

आता Kq = ०.३ सेकंद घ्यावा. फक्त आतल्या लूपने वारंवारता ३.२८ आणि डँपिंग ०.७० होते. त्यावर तोच Kθ = १ चढवला, तर डँपिंग ०.४८ राहते. म्हणजे आतल्या लूपने कमावलेले डँपिंग बाहेरचा लूप खर्च करतो, आणि खर्च होणार हे आधीच माहीत असल्यामुळे कमाई थोडी जास्त करून ठेवावी लागते. आपल्या मार्गदर्शकांचा क्रम याच कारणाने योग्य आहे.

विश्रामबाग

मी सांगलीत नियंत्रणशास्त्र शिकवतो आणि या मांडणीशी माझा मतभेद आहे. माहुलीकरांचे गणित बिनचूक आहे, पण त्यातून ‘आतला लूप’ नावाची वेगळी वस्तू सिद्ध होत नाही. विद्यार्थिनीच्या तिसऱ्या समीकरणातच θ' = q असे लिहिले आहे. मग कोनाच्या फरकाला प्रमाणबद्ध आणि त्याच्या बदलाच्या दराला प्रमाणबद्ध असा एकच नियंत्रक लावला, की तेच समीकरण आणि तीच मुळे मिळतात. दोन लूपांची रीत ही जुन्या यंत्रांची गरज होती. ती आजच्या विद्यार्थ्यांवर तत्त्व म्हणून लादू नये, असे मला मनापासून वाटते.

माहुलीकर

मुळे तीच मिळतात, हे मान्य आहे. यंत्र मात्र तेच मिळत नाही. फरकाच्या दरावर काम करणाऱ्या नियंत्रकाला वैमानिकाने एकदम दोन अंशांचा नवा कोन दिला, तर त्या क्षणी दर प्रचंड मोठा दिसतो आणि एलिव्हेटरला झटका बसतो. हा झटका दर फक्त मोजलेल्या कोनावरून काढून टाळता येतो, पण मोजलेल्या कोनाचे अवकलन केले की त्यातील खरखरही वाढते, आणि ती दाबण्यासाठी गाळणी लावली की विलंब शिरतो. डँपिंगच्या लूपमध्ये विलंब म्हणजे आपण जे देण्यासाठी बसलो आहोत तेच काढून घेणे होय. रेट जायरो हा दर थेट मोजतो. शिवाय कोन देणारे उपकरण बिघडले तरी जायरोचा लूप चालू राहतो, आणि वैमानिकाच्या हाती निदान नीट डँप झालेले विमान राहते.

तासगाव_द्राक्षबाग

माहुलीकर काका, नमस्कार. मी तासगावचा द्राक्ष बागायतदार आहे. आमच्या फवारणीच्या ड्रोनमध्ये दराचा लूप पायाशीच असतो, तो काढला तर ड्रोन उभाच राहत नाही. त्यामुळे हा प्रश्न कसा पडतो तेच मला आधी कळले नाही. पण माझ्याकडे बागांचे फोटो काढण्यासाठी फोमचे एक पंखांचे विमानही आहे. ते नेहमीच्या वेगाला उत्तम चालते आणि नाक खाली घालून वेगात उतरताना शेपटीकडून थरथरते. डँपिंग कमी पडत असेल असे समजून मी पिच-रेटचा गेन वाढवला, तर थरथर आणखी वाढली. मग डँपिंग वाढते असे आपण कसे म्हणता?

माहुलीकर

ड्रोनला हवेत नाक परत जागेवर आणणारे स्वतःचे बल जवळजवळ नसते, म्हणून तेथे दराचा लूप पायाशी असतो. पंखांच्या विमानात ते बल असते. विद्यार्थिनीच्या समीकरणातील −८.० म्हणजे तेच. त्यामुळे आपली दोन यंत्रे एका मापाने मोजता येणार नाहीत.

फोमच्या विमानात आपण उपाय उलट दिशेने केलात, असे मला दिसते. एलिव्हेटरचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की तोच गेन चौपट जोराने काम करतो. सर्व्हो तत्क्षणी हलला असता तरी चालले असते, पण तो थोडा मागे राहतो आणि नाकाची दिशा बदलल्यावरही जुन्याच दिशेने ढकलत राहतो. विद्यार्थिनीच्याच उदाहरणात एलिव्हेटरला ०.१ सेकंदाची दिरंगाई धरली, तर Kq = ०.३ ला काही बिघडत नाही. Kq = १ केला की १०.५ रेडियन प्रतिसेकंदाचा एक नवाच हेलकावा दिसू लागतो, त्याचे डँपिंग ०.४८ असते, आणि Kq = २ ला ते ०.३६ वर येते. प्रत्यक्षात जायरो, संगणक आणि फोमची लवचिकता आपापली दिरंगाई त्यात मिसळतात, म्हणून तेथे हे फार लवकर बिघडते.

ओळखण्याची खूण अशी: हेलकावा विमानाच्या मूळ चालीचा, म्हणजे संथ असेल, तर डँपिंग कमी आहे. तो मूळ चालीच्या तिप्पट-चौपट जलद असेल, तर गेन जास्त आहे. आपली थरथर दुसऱ्या जातीची वाटते. गेन वेगाच्या वर्गाने भागून पाहावा, आणि जायरोखालचा फोम वाकत नाही ना हेही तपासावे.

तासगाव_द्राक्षबाग

भागून पाहिले. कालच्या तीन उड्डाणांत थरथर थांबली, पण आता अगदी हळू उडताना नाक डुलते आहे.

माहुलीकर

मग सूत्रात अगदी कमी वेगाला गेनवर वरची मर्यादा घातलेली आहे का, ते आधी पाहावे. मर्यादा लागली की भागाकार थांबतो आणि तेथे गेन कमीच पडतो. विद्यार्थिनीच्या विमानाचेही असेच होईल. Kq = ०.३ न बदलता वेग निम्मा केला, तर डँपिंग ०.७० वरून ०.५० वर येते.

कराड_धावपट्टी

मी वैमानिक आहे, समीकरणे माझा विषय नाही. पण एक गोष्ट येथे कोणीच बोलले नाही. पातळी राखून ३० अंश कलून वळण घेताना नाकाचा कोन स्थिर असतो, तरी पिच-रेट शून्य नसतो. डँपर त्याला हेलकावा समजून संपूर्ण वळणभर नाक खाली दाबत राहील. हे मी काठीवर अनुभवलेले आहे.

विश्रामबाग

वैमानिक साहेबांचे निरीक्षण माझ्या बाजूचे आहे. θ' = q हे फक्त पंख समतल असताना खरे असते. कललेल्या विमानात कोनाचा दर शून्य असताना जायरो आकडा दाखवतो. वेग १५० मीटर प्रतिसेकंद धरला, तर ३० अंशांच्या वळणात तो आकडा सुमारे १.१ अंश प्रतिसेकंद येतो. म्हणजे Kq = ०.३ ला एलिव्हेटर विनाकारण तृतीयांश अंश खाली राहील, आणि ६० अंशांच्या वळणात तर सुमारे १.७ अंश. कोनाच्या दरावर चालणाऱ्या माझ्या नियंत्रकाला ही अडचण नाही.

माहुलीकर

हा मुद्दा बरोबर आहे, आणि मी तो आधीच मांडायला हवा होता. प्रचलित उपाय म्हणजे जायरोच्या संकेतातून स्थिर भाग झिरपून जाऊ देणारी वॉशआउट गाळणी लावणे. तिचा कालांक ३ सेकंद धरला, तर तिची कोपरा-वारंवारता ०.३३ रेडियन प्रतिसेकंद येते. हेलकावा तिच्या दहापट वरचा असल्याने डँपिंगला फारसा धक्का लागत नाही. कालांक अर्ध्या सेकंदावर आणला, तर मात्र गाळणी डँपिंगही खाऊ लागते. वळणात शिरतानाचे पहिले काही सेकंद दाब जाणवेलच, तो या उपायाने पूर्ण जात नाही.

विश्रामबाग

म्हणजे आधी जायरो लावायचा, मग त्याचा दोष झाकायला गाळणी लावायची. माझे मत बदललेले नाही.

विद्यार्थिनी_मिरज

सर्वांचे आभार. प्रतिमानाविषयीचा माझा दुसरा प्रश्न राहिला आहे.

माहुलीकर

१५० मीटर प्रतिसेकंदाला वेग आणि उंची यांची अदलाबदल करणारा फ्युगॉइडचा संथ हेलकावा सुमारे ६८ सेकंदांचा येतो. आपली सर्वांत संथ हालचाल, दोन्ही लूप लावल्यावरही, पावणेतीन सेकंदांच्या कालांकाची आहे. म्हणून डँपिंग आणि गेन ठरवण्यासाठी हे दोन चलांचे प्रतिमान निश्चिंतपणे वापरावे. मात्र नाक पाच अंश वर धरा असे सांगून मिनिटभर चालवले, तर हे प्रतिमान विमान सुखाने चढत असल्याचे दाखवत राहील. खरे विमान थ्रॉटल न वाढवल्यास वेग गमावेल, तोच कोन राखण्यासाठी अँगल ऑफ अटॅक वाढत जाईल, आणि प्रतिमानात वेग हे चलच नसल्यामुळे ते याची कल्पनाही देणार नाही. गेन येथे ठरवून शेवटची दोन मिनिटांची चाचणी चार चलांच्या प्रतिमानावर घ्यावी.

उंचीचाही विचार करावा. १२ किलोमीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे चौथाई असते आणि विमानाचे नैसर्गिक डँपिंग गुणोत्तर घनतेच्या वर्गमुळाप्रमाणे उतरते, म्हणजे निम्मे होते. आपले ०.२७ हे आकडे कोणत्या उंचीचे आहेत?

विद्यार्थिनी_मिरज

समुद्रसपाटीचे आहेत. १२ किलोमीटरचे सहगुणक काढून उद्या येथे मांडते.

विश्रामबाग

दोन्ही नियंत्रक मांडावेत, आणि जायरोची खरखर व ३० अंशांचे वळण दोन्हीकडे सारखेच ठेवावे. माझी हरकत तेथेच तपासली जाईल.