मदत हवी आहे: गाडीत फोन चार्जिंगला लावलाय, तरी टक्के उतरतात

घाईत_आहे: मॅप आणि गाणी चालू असतात. चार्जिंगची खूण दिसते, तरी अडीच तासांत ६२ वरून ४२. केबल बदलून झाली. परवा पहाटे लांब निघायचंय, पटकन सांगा. बॅटरी गेली का?

तारयंत्र: फोन कोणता, बॅटरी किती एमएएचची आणि केबल कुठे खुपसता? स्टिरिओच्या यूएसबीत की लायटर सॉकेटमधल्या चार्जरला?

मुक्काम_पोस्ट: बॅटरीच गेली. जास्तीत जास्त तीन वर्षं टिकतात. बदलून टाका.

घाईत_आहे: ५००० ची आहे, फोन वर्षाचाही नाही. घरी तासाभरात भरतो. गाडीत यूएसबी आहे ना, तिथेच लावणार की.

तारयंत्र: घरी नीट भरतो म्हणजे बॅटरी आणि फोनचा पोर्ट दोन्ही ठीक. संशय गाडीच्या यूएसबीवर. ती बहुधा पेनड्राइव्हवरची गाणी वाजवण्यासाठी दिलेली असते. साधी यूएसबी २.० असेल तर ५ व्होल्टला अर्धा अँपियर, म्हणजे अडीच वॉट. उन्हात ब्राइटनेस पूर्ण, जीपीएस, मोबाइल डेटा आणि गाणी मिळून फोन सहज चार वॉट खातो. उरलेलं बॅटरीतून जातं. खूण फक्त एवढंच सांगते की केबलमधून वीज येतेय. ती पुरते की नाही, हे तिला ठाऊक नसतं.

खात्री करायची तर बॅटरीचा करंट दाखवणारं एखादं अ‍ॅप टाका. केबल लावून, मॅप चालू ठेवून दोन-तीन मिनिटांनी आकडा बघा.

कुंदा_आत्या: माझी गाडी आठवडाभर उभी राहिली की स्टार्टच होत नाही. हे यूएसबीमुळेच का?

तारयंत्र: आत्या, ती गाडीची बॅटरी, हा फोनचा प्रश्न. तुमच्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

साधा_सोपा: केबलचंच काम आहे हे. लांब बारीक केबल म्हणजे वाटेत गळती. मी नेहमी जाड केबल वापरतो.

तारयंत्र: अर्धं बरोबर. बारीक तारांच्या दोन मीटर केबलमध्ये एक अँपियरला पाऊण-एक व्होल्ट वाटेतच जातो. व्होल्टेज पडलं की फोन स्वतःच करंट कमी ओढतो. पण पोर्टच अर्धा अँपियर देत असेल तर मनगटाएवढी केबल लावूनही तो दीड देणार नाही. म्हणून तर यांनी केबल बदलूनही फरक पडला नाही.

घाईत_आहे: उणे ४०० दाखवतंय!

तारयंत्र: जुळलं. ५००० मधून तासाला ४०० गेले म्हणजे ८ टक्के. अडीच तासांत २०, तुमचे ६२ चे ४२.

आता उपाय. लायटर सॉकेटमध्ये बसणारा पीडी, म्हणजे पॉवर डिलिव्हरी या जलद चार्जिंग पद्धतीचा, चार्जर घ्या, टाइप-सी पोर्टचा, किमान २० वॉटचा, आणि एक मीटरची दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल. फोन पीडी घेतो ना, ते आधी बघा. दोन पोर्टचा घेतलात तर दुसरा रिकामा ठेवा. बरेच चार्जर दोन्ही भरले की वॉट वाटून देतात.

साधा_सोपा: आणि फोन स्टिरिओला जोडून स्क्रीनवर मॅप दिसत असेल तर? सॉकेटला लावला की मॅप गेला.

तारयंत्र: रास्त मुद्दा. तिथे डेटासाठी यूएसबीच लागते. स्टिरिओला वायरलेस जमत असेल तर ते वापरून चार्जिंग सॉकेटवरून. मात्र वायरलेसने फोन जास्त तापतो.

मुक्काम_पोस्ट: एवढा खटाटोप कशाला? बॅटरी सेव्हर लावा.

तारयंत्र: काही फोनमध्ये सेव्हर लावून स्क्रीन बंद झाली की लोकेशनही थांबतं. वळण गेल्यावर कळेल. त्यापेक्षा मॅप आणि गाणी आधी डाउनलोड करा, ब्राइटनेस थोडा उतरवा.

घाईत_आहे: चार्जर आणला. सकाळी अधिक ९००, तासात १५ टक्के चढले. दुपारी मात्र ७१ वर अडकला, आकडा शून्याच्या आसपास. फसवलं का दुकानदाराने?

तारयंत्र: फोन कुठे लावलाय?

घाईत_आहे: काचेवर. आणखी कुठे लावणार?

तारयंत्र: मग चार्जर बरा आहे. काचेमागचं ऊन, शिवाय चार्जिंगची उष्णता. बॅटरी साधारण ४५ अंशांकडे गेली की फोन स्वतःच चार्जिंग आवरतो. एसीच्या झडपेसमोर लावा, कव्हर काढा. पाच-दहा मिनिटांत आकडा वर यायला हवा.

साधा_सोपा: झडपेसमोर नको, गारव्याने आत दव धरतं.

तारयंत्र: एसी चालू असताना हवा कोरडी असते. थंडीत हीटर लावाल तेव्हा मात्र तिथून काढा, नाहीतर पुन्हा तापेल.

साधा_सोपा: हवा कोरडी असेल, पण गार झालेला फोन बाहेरच्या दमट हवेत नेला की दव धरणारच.

घाईत_आहे: भांडा तुम्ही. कव्हर काढून झडपेवर लावला, अधिक ६०० आलंय. निघतो.