'ब्रो इज लाजिंग' यात हसू नेमकं कशाचं येतं?

चहाटळ: आमच्या ग्रुपमधल्या एकाचं लग्न ठरलं, सगळे फोटो टाक म्हणून मागे लागले तर पठ्ठ्याने नुसता हात जोडलेला इमोजी टाकला, त्यावर एकीने लिहिलं 'ब्रो इज लाजिंग' आणि मग रात्रभर तेच. नुसतं 'लाजतोय' म्हटलं असतं तर कोणी ढुंकून बघितलं नसतं, 'ब्लशिंग'लाही नाही. मग या खिचडीत आहे काय एवढं?

कोथरूडकर: शायनिंग मारणे टाइपच की. इंग्रजी शब्द मराठीत घोळवायचा.

अनुस्वार: खिचडी दोन्हीकडे आहे पण हे उलटं. शायनिंगमध्ये शब्द तिकडचा आणि 'मारणे' आपलं, ते 'कॅन्सल करणे'सारखं इतकं मुरलंय की आता कोणी हसत नाही. लाजिंगमध्ये सांगाडा अख्खा इंग्रजी, मॅचची कॉमेंट्री चालू असल्यासारखा, आणि ऐन मोक्याला धातू निघतो आजीच्या तोंडचा. म्हणून तर लाज, रुस, चिड, रड असले घरगुती धातूच जमतात, 'ब्रो इज रुसिंग' म्हणून बघा आणि मग 'ब्रो इज स्वीकारिंग' म्हणून बघा, दुसरं पडतं. आणि गंमत म्हणजे 'लाजतोइंग' कोणी म्हणत नाही हां, व्याकरणाच्या तासाला झोपलेली पोरंही धातू बरोब्बर सुटा काढतात. खा, पी ला मात्र 'इंग' लावताना जीभ जरा अडखळते.

टोरांटोची आई: माझी लेक चार वर्षांची, 'आई, स्टॉप रागविंग' म्हणते, ते पण डोळ्यांत पाणी आणून. तिला कुठे विनोद करायचाय.

अनुस्वार: हे भारी. म्हणजे नुसत्या रूपात विनोद नाही. बोलणाऱ्याला दोन्ही भाषा धड येतात आणि हे मुद्दाम केलंय, एवढं ऐकणाऱ्याला माहीत पाहिजे.

निवृत्त मास्तर: ब्लशिंगला मराठी शब्द नाही असं कोणी सांगितलं? 'आरक्त होणे' म्हणा. भाषेची पार वाट लावलीत.

चहाटळ: मास्तर, प्रतिशब्द नव्हता हो विचारला, पण 'भाऊ आरक्त जाहले' आत्ताच ग्रुपवर टाकलं, तुफान चाललंय!

अनुस्वार: बघा, इथे इंग्रजी औषधालाही नाही तरी तोच थाट. आणि मास्तर, 'भांडखोर'मधलं 'खोर' फारसी आहे, धातू आपला. तेही लाजिंगचंच भावंड.

वसतिगृह: एक राहिलं. आमच्या रूमवर गावाकडून आलेला एक जण खरोखरच 'आय ॲम येइंग' बोलून गेला, पुढे वर्षभर पोरं त्याला 'येइंग'च म्हणायची. तो हसायचा, पण आमच्यात जेवायला बसणं बंद केलं त्याने.

कोथरूडकर: आमच्याकडे असाच एक होता, तो आता स्वतःच सगळ्यात जास्त 'इंग' लावतो. मस्करी म्हणून का दुसऱ्याने लावायच्या आत, ते विचारायची हिंमत नाही झाली.