उताऱ्याचा सूर एक आणि भाव दुसरा, असं असू शकतं का?

शेवंतीची आई
मुलगी नववीत आहे. घटक चाचणीत मराठीच्या सरांनी स्वतः लिहिलेला उतारा आला होता. तो असा:

«बाबा गेल्यावर तिसऱ्या दिवशी काकांनी कपाट उघडलं. सहा सदरे निघाले, त्यांतले दोन घडी न मोडलेले. छत्री निघाली. चष्म्याचं घर निघालं, चष्मा नव्हता. काकांनी सगळं वहीत लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली. आई म्हणाली, चहा टाकते. दुधावर साय धरली होती, ती तिने बोटाने बाजूला केली.»

प्रश्न: उताऱ्याचा सूर कोणता, भाव कोणता, आणि ते कोणत्या शब्दांमुळे? गुण 4. हिने लिहिलं, ‘सूर शांत आहे, कारण लेखक कुठेही रडत नाही. भाव उदास आहे, कारण बाबा गेलेले आहेत.’ मिळाला 1. शेरा: ‘दोन्ही दुःखीच. उत्तर परस्परविरोधी.’ मला तर तिचं बरोबर वाटतंय. सर चुकले ना?

रसाळ
सर बरोबर आहेत. सूर वेगळा, भाव वेगळा ही इंग्रजीच्या पेपरातून आलेली फोड आहे. आपल्याकडे करुण रस म्हटलं की झालं. बाप गेलाय, कपाट रिकामं होतंय, आई गप्प आहे, आता यात ‘शांत’ कुठून आलं? शांत हा तर स्वतंत्र रस आहे आणि तो वैराग्याचा. मुलीने दोन रस एकत्र कालवले.

जुनी शाई
रसाळ, रस हा शब्द इथे तुमच्याच विरुद्ध जातो. रस कुणाला येतो? प्रेक्षकाला, वाचणाऱ्याला. कपाट, सदरे, रिकामं घर हे सगळे विभाव, म्हणजे ज्यांच्यामुळे आपल्या मनात काही हलतं अशा गोष्टी. सांगणारा कोणत्या आवाजात सांगतो हा प्रश्न त्याहून निराळा आणि आपल्या अलंकारशास्त्राला तो माहीत होता. तेच शब्द पण आवाज फिरवला की अर्थ फिरतो, त्या आवाजाच्या वळणाला तिथे ‘काकू’ म्हणतात ना? ‘वा, फार शहाणा आहेस’ हे वाक्य कागदावर कौतुक आणि कानाला टोमणा असतं. तेव्हा फोड उसनी नाही. फक्त आपण शाळेत ती शिकवत नाही.

आता उतारा. मी आयुष्यभर लोकांची हस्तलिखितं तपासली, त्यात एक सवय लागली: शंका आली की शब्द काढून त्याचा शेजारी ठेवायचा आणि काय बिघडतं ते ऐकायचं. इथे ‘निघाले’ घ्या. एकदा नाही, तीनदा आलंय. ‘सहा सदरे होते’ करून बघा, ते नुसतं वर्णन झालं. ‘सापडले’ केलं तर कुणीतरी शोधत होतं आणि हाती लागल्याचं समाधान आलं. ‘मिळाले’ केलं तर पावती झाली. ‘निघाले’ हे आपण झडतीत म्हणतो, माळा साफ करताना म्हणतो. घरचा माणूस गेलाय आणि सांगणारा यादी करतोय. आकडाही बघा, ‘बरेच सदरे’ नाहीत, सहा आहेत. हा सूर कोरडा आहे, पंचनाम्याचा.

आणि तरी वाचताना घशाशी येतं. ते कशाने? ‘घडी न मोडलेले’ने. त्या तीन शब्दांत एक माणूस आहे, नवा सदरा सणाला घालू म्हणून ठेवून देणारा. सूर यादीचा आणि भाव पोकळीचा, म्हणजे दोन्ही एकमेकांच्या उलट. उतारा चालतो तोच त्या अंतरामुळे. सरांचा शेरा त्यांच्याच उताऱ्यावर अन्याय करणारा आहे.

वांद्रे_लोकल
मला यातलं फार कळत नाही, पण सूर म्हणजे काय ते आमच्या सोसायटीत कळलं. मी सेक्रेटरी असताना फळ्यावर लिहिलं, ‘पाहुण्यांच्या गाड्या बाहेरच लावाव्यात.’ तीन जण भांडायला आले, ‘बाहेरच’ म्हणजे काय, आम्ही काय उपरे? मी म्हटलं, अहो, नियमच तो आहे. शेवटी बायकोने ‘च’ पुसला आणि पुढे ‘ही विनंती’ लावलं. नियम तोच राहिला, कुणी आलं नाही. शाळेत हे शिकवतात हे बरंय.

जुनी शाई
तुमचा ‘च’ इथे अगदी चपखल आहे. मराठीत अर्धा सूर अशा चिल्लर अक्षरांत असतो: च, तरी, म्हणे, बरं का. ‘तो आजारी आहे’ आणि ‘तो म्हणे आजारी आहे’ यांत सांगणाऱ्याचा विश्वास उडालेला ऐकू येतो. मुलं मात्र विशेषणंच शोधत बसतात. या उताऱ्यात भावना सांगणारं एकही विशेषण नाही, म्हणून त्यांना काहीच सापडत नाही आणि ती ‘शांत’ लिहून मोकळी होतात.

अनिकेत_साताऱ्याहून
सोपी युक्ती सांगतो, आम्हाला क्लासमध्ये हीच शिकवली. शब्दांचं घराणं बघा. संस्कृत शब्द जास्त असतील तर सूर गंभीर, बोलीतले असतील तर घरगुती, हलका. इथे ‘चहा टाकते’, ‘रेघ मारली’, ‘घर’, ‘साय’, सगळं घरगुती. म्हणजे सूर घरगुती. यात वाद घालण्यासारखं काय आहे?

जुनी शाई
घराणं बघावंच, चुकीचं नाही. ‘बाबा गेल्यावर’च्या जागी ‘वडिलांचे निधन झाल्यावर’ घाला, लगेच वर्तमानपत्रातला कोपरा होतो आणि मुलगा किंवा मुलगी बोलत असल्याची खूण पुसली जाते. पण युक्ती तिथेच थांबते. ‘श्रद्धांजली अर्पण करण्यात आली’ यात वजनदार शब्द संस्कृत असूनही गांभीर्य नाही, सरकारी थंडपणा आहे, कारण ‘करण्यात आली’मध्ये करणारा माणूसच गायब आहे. आणि इथले घरगुती शब्द हलके मुळीच नाहीत. ‘चहा टाकते’ हे रोजचं वाक्य आहे. तिसऱ्या दिवशीही तेच आलं म्हणून ते जड झालं. शब्द कुठल्या घरातला, याच्याइतकंच तो कोणत्या वेळी आला हेही बघावं लागतं.

खडूधारी
मी मराठीच शिकवते, आणि सगळे सरांवर धावून गेलात म्हणून लिहिते. शेरा चुकीचा आहे, मान्य. पण 1 गुण मला फार कमी वाटत नाही. प्रश्नात ‘कोणत्या शब्दांमुळे’ असं स्पष्ट आहे. मुलीने उताऱ्यातला एक तरी शब्द उचललाय का? ‘बाबा गेलेले आहेत’ ही घटना आहे, शब्दयोजना नाही. हीच घटना घेऊन धमाल विनोदी उताराही लिहिता येतो, नातेवाईक तेराव्याच्या जेवणावरून भांडतायत असा. तेव्हा बाप गेला म्हणून भाव उदास, हे कारण टिकत नाही. पन्नास पेपरांत चाळीस मुलं असंच लिहितात: प्रसंग सांगतात आणि त्याला कारण म्हणतात. माझी खूण अशी आहे की मुलाने दिलेलं कारण उतारा न वाचता, नुसता सारांश ऐकूनही देता आलं असतं, तर गुण नाही.

‘शांत’ही नेमका नाही. शांत म्हणजे आतून स्थिर. हा सांगणारा स्थिर आहे असं कुठे दिसतं? तो मोजतोय. मोजणारा माणूस स्वतःला सावरतही असू शकतो. ‘कोरडा’ किंवा ‘अलिप्त’ लिहिलं असतं तर मी अर्धा गुण वाढवला असता.

रसाळ
बघा! आता तुम्हीच म्हणताय की मोजणारा स्वतःला सावरतोय. म्हणजे सूर आतून दुःखीच झाला की! फिरून सरांच्याच उत्तराशी आलात.

खडूधारी
‘असू शकतो’ म्हटलं मी. ते माझ्या मनात उमटलं, कागदावर नाही. कागदावर सहा सदरे आणि एक छत्री आहे.

करवंद
मला कुणी सांगेल का, काकांबद्दल लेखकाचा राग आहे हे कुणालाच कसं दिसलं नाही? ‘लिहून घेतलं’ बघा. ‘लिहिलं’ नाही, ‘लिहून ठेवलं’ नाही. ठेवलं म्हणजे घरासाठी, घेतलं म्हणजे स्वतःसाठी. आणि वर ‘खाली रेघ मारली’, म्हणजे हिशोब पुरा. आमच्याकडेही आजोबा गेल्यावर एक जण असाच वही घेऊन बसला होता, नंतर जमिनीचं काय झालं ते विचारू नका. सूर उपरोधिक आहे, शंभर टक्के.

अनिकेत_साताऱ्याहून
वाणीसुद्धा ‘लिहून घेतो’ म्हणतो. साधा वापर आहे. तुमचे काका तुम्ही उताऱ्यात आणले.

जुनी शाई
घेणे-ठेवणेचा फरक करवंदताईंनी बरोबर पकडलाय, मराठीत सहायक क्रियापद फार काही बोलून जातं. ‘सांगितलं’ आणि ‘सांगून टाकलं’, ‘लग्न केलं’ आणि ‘लग्न करून बसला’ यांत घटना एकच, पण मत आलंच. पण अनिकेतचंही खरं, ‘लिहून घेणे’ इतकं घासलं गेलंय की त्यावर एकट्यावर उपरोध तोलता येत नाही. दुसरा साक्षीदार लागतो. ‘रेघ मारली’ तो साक्षीदार होतो का? ‘रेघ ओढली’ असतं तर मी नाही म्हटलं असतं. ‘मारली’मध्ये थोडा झटका आहे. मी स्वतः ठरवू शकलेले नाही. उपरोध नसून काकांचंही तेच असेल, दुःखात माणूस काहीतरी काम काढतो.

करवंद
काम काढणारा छत्री मोजत नाही.

रसाळ
माझा मुद्दा तसाच उभा आहे. भाव वाचकागणिक बदलणार असेल, करवंदताईंना राग आणि बाकीच्यांना उदासी, तर चार गुणांच्या प्रश्नात तो विचारूच नये. बालकवींच्या औदुंबरातला ‘गोड काळिमा’ घ्या. कुणाला त्यात शांती दिसते, कुणाला विषाद. परीक्षक काय करणार?

खडूधारी
परीक्षक एवढंच बघणार की मुलाने ‘गोड’ही उचललाय आणि ‘काळिमा’ही. एकच उचलून दुसऱ्याकडे डोळेझाक केली तर गुण कापते, निष्कर्ष कोणताही असो. दोन उत्तरं बरोबर असू शकतात. वाटेल ते उत्तर मात्र बरोबर नसतं. या उताऱ्याला कुणी ‘प्रसन्न’ म्हटलं तर त्याला एकही शब्द सापडणार नाही.

शेवंतीची आई
सगळं तिला वाचून दाखवलं. सरांकडे जायचा बेत सध्या रद्द केलाय, खडूधारींच्या बोलण्याने जरा जमिनीवर आले. पण एक गंमत झाली. ‘घडी न मोडलेले’वर तुम्ही एवढं लिहिलंय, म्हणून विचारलं, तुला काय वाटलं होतं? तर म्हणाली, ‘नीट इस्त्री केलेले.’ घडी मोडणं म्हणजे नवा कपडा पहिल्यांदा अंगावर घालणं, हे तिला माहीतच नव्हतं. आमच्या घरात आता कुणी तसं बोलतही नाही.

जुनी शाई
मग तिने ‘शांत’ लिहिलं ते तिच्या जागी बरोबरच होतं. तिच्या कपाटात नुसते नीटनेटके सदरे होते.

शेवंतीची आई
अर्थ सांगितल्यावर थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘दोनच का?’