मदत हवी आहे: कॉन्ट्रॅक्टवरच्या इन्स्पेक्टरचं अप्रेझल कसं करू? फॉर्मच तिच्या विरोधात आहे

क्यूसीवाला_चाकण

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचक होतो, आज जरा अडलोय म्हणून लिहितोय. चाकणला ऑटो पार्ट बनवणाऱ्या मध्यम कंपनीत फायनल इन्स्पेक्शन बघतो. हाताखाली ९ परमनंट आणि ६ जण ठेकेदाराचे. यंदा एचआरने सांगितलं की कॉन्ट्रॅक्टवाल्यांचंही अप्रेझल भरा, फॉर्म परमनंटचाच वापरा, वेगळा नाहीये.

आता ६ पैकी एक ताई आहेत, तीन वर्षं झाली त्यांना. पट्टीच्या इन्स्पेक्टर. मागे एकदा एका बुशच्या लॉटमध्ये बोअरला प्लग गेजची नो-गो बाजू आत जात होती, पाच पीसमध्ये एखादाच तसा, त्यांनी अख्खी ट्रे बाजूला काढून लाल टॅग लावला. तो लॉट गेला असता तर कस्टमरकडे माणसं पाठवून सॉर्टिंग करत बसलो असतो. पण सिस्टिममध्ये एंट्री करायचं लॉगिन फक्त परमनंटला, त्यामुळे रिपोर्टवर नाव आलं शेजारच्या टेबलवरच्या परमनंट मुलाचं. टॅगवर अक्षर ताईंचं, रिपोर्ट त्याचा.

फॉर्म १०० मार्कांचा आहे. प्रॉडक्शन ३०, क्वालिटी २५, हजेरी १५, ट्रेनिंग १५, कायझेन १०, लीडरशिप ५. मी प्रामाणिकपणे भरला तर ताईंना २७, २३, ७, ४, ०, ० म्हणजे ६१. त्या मुलाला २२, १८, १४, १२, ६, ४ म्हणजे ७६. ज्याने फॉर्म बनवला त्याला हा निकाल दाखवावासा वाटतो. कॉन्ट्रॅक्टवाल्यांना ट्रेनिंगला पाठवत नाहीत, कायझेनच्या पेटीत त्यांची चिठ्ठी घेत नाहीत, आणि मग शून्य द्यायचं?

दुसरं म्हणजे समजा मी ९० दिले, तरी त्यांना मिळणार काय? इन्क्रिमेंट नाही, प्रमोशन नाही. समोर बसवून काय बोलू? खोटी आशा लावायची नाहीये.

सडेतोड_नाशिककर

सरळ आहे, समान काम समान वेतन. सुप्रीम कोर्टाने २०१६ ला पंजाबच्या केसमध्ये स्पष्ट सांगितलंय. एचआरला तो निकाल दाखवा आणि परमनंटएवढा पगार मागा. शिवाय आता नवीन लेबर कोडमध्ये एका वर्षातच ग्रॅच्युइटी मिळते सगळ्यांना, तेही सांगा त्यांना.

रिटायर्ड_टाइमऑफिस

नाशिककर, भावना पोचली पण दोन्ही ठिकाणी थोडी गल्लत आहे. तो २०१६ चा निकाल सरकारी खात्यातल्या टेम्पररी लोकांबद्दल होता, खासगी कारखान्यात ठेकेदाराच्या माणसाला तो तसाच्या तसा लावता येत नाही. आणि एका वर्षाची ग्रॅच्युइटी फिक्स्ड टर्मवाल्यांना, म्हणजे ज्यांच्या नेमणुकीच्या पत्रातच मुदत लिहिलेली असते. ठेकेदाराच्या रोलवर नुसता चालू असलेल्या माणसाला अजून पाच वर्षंच. त्यातही चार वर्षांनी ठेकेदार बदलला की नवा ठेकेदार सर्व्हिस पहिल्यापासून मोजायला बसतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

चाकणकर, मी २६ वर्षं टाइम ऑफिस आणि नंतर एचआरमध्ये काढली. तुमचा फॉर्म बाजूला ठेवा आणि आधी त्या बाईंची पगाराची स्लिप मागवा. त्यावर वर्गवारी काय आहे? मला खात्री आहे 'हेल्पर' किंवा 'अकुशल' असणार.

क्यूसीवाला_चाकण

काका, आत्ताच फोन करून विचारलं. 'हेल्पर, अकुशल' असंच आहे! तुम्हाला कसं कळलं?

रिटायर्ड_टाइमऑफिस

कारण भरती करताना ठेकेदार सगळ्यांना हेल्परमध्येच घेतो आणि नंतर कोणी बघत नाही. किमान वेतनात कुशल, अर्धकुशल, अकुशल असे वेगवेगळे दर असतात. जी बाई ड्रॉइंग वाचते, मायक्रोमीटर चालवते, गो-नोगो बघून लॉट थांबवते ती अकुशल कशी? तुमच्या अप्रेझलचा खरा उपयोग इथे आहे. इन्क्रिमेंट देणं तुमच्या हातात नाही, पण तिचं काम कुठल्या वर्गात बसतं हे तुमच्याइतकं छातीठोक कोणी सांगू शकत नाही. वर्ग बदलला की दर बदलतो, आणि ती मेहेरबानी नसते, ते तिचं देणंच असतं.

जानेवारी आणि जुलैला विशेष भत्ता वाढतो तो ठेकेदार 'वाढ दिली' म्हणून सांगतात, त्यात फसू नका. ती सगळ्यांनाच मिळते, काम चांगलं असो वा वाईट.

आता मार्कांचं. ज्या रकान्यात तिला संधीच दिली नाही तिथे शून्य लिहू नका, 'संधी दिली नाही' असं लिहा आणि तो रकाना एकूणातून काढा. ट्रेनिंग, कायझेन, लीडरशिप गेले की उरले ७०. तिचे ५७, म्हणजे ८१ टक्के. त्या मुलाचे ५४, म्हणजे ७७. नुसता भाजक बदलला तर चित्र उलटं झालं. आणि हजेरीला ७ का दिलेत? किती दिवस गैरहजर होती?

क्यूसीवाला_चाकण

वर्षात ११ दिवस. मशीनवरून आलेल्या यादीत गैरहजर दाखवतंय म्हणून ७ दिले.

रिटायर्ड_टाइमऑफिस

आणि तो मुलगा?

क्यूसीवाला_चाकण

१९ दिवस. पण ते सगळे सीएल, एसएल, पीएल... अरे हो. 🤦

रिटायर्ड_टाइमऑफिस

बघा. त्याचे १९ दिवस रजा, हिचे ११ दिवस खाडा. भरपगारी रजा ठेकेदाराच्या कामगारालाही लागते, दर वीस दिवस कामामागे एक दिवस. ठेकेदार एकतर देत नाही किंवा पगारात मिसळून देतो, मग घरी आजारपण असलं की बाई न सांगता राहते कारण सांगून काही फरकच पडत नाही. तुम्ही फक्त एवढं बघा की आगाऊ कळवलं होतं का, शिफ्ट अडली का. कळवलं असेल तर १३ द्या. मग होतात ६३, म्हणजे ९० टक्के.

खिडकीजवळची_सीट

माझं जरा वेगळं आहे पण बोलते. मी कॉलेजमध्ये तासिका तत्त्वावर शिकवते, सीएचबी. पैसे फक्त घेतलेल्या लेक्चरचे. वर्षाच्या शेवटी फॉर्ममध्ये रकाना असतो 'महाविद्यालयीन समित्यांमधील सहभाग'. समितीच्या मीटिंगला गेले तर त्या तासाचे पैसे नाहीत आणि नाही गेले तर मार्क नाहीत. यावर्षी मी त्या रकान्यात 'मानधन नाही' एवढंच लिहिलं, विभागप्रमुख बाईंनी बोलावून ते खोडायला लावलं. काकांचा सल्ला वाचला तेव्हा वाटलं आधी कुणी सांगायला हवं होतं.

डोक्याला_शॉट

मला कळत नाही एवढा विचार कशाला. कॉन्ट्रॅक्टची माणसं दिवाळीनंतर परत येतीलच याचा भरवसा नाही, जीव तोडून कोणी काम करत नाही. ६ ची ३ करा आणि ऑटोमॅटिक गेजिंग लावा, प्रश्न संपला.

क्यूसीवाला_चाकण

@डोक्याला_शॉट धागा परत वाचा भाऊ, माणसं कमी कशी करू असं नाही विचारलेलं 🙏

लॅबवाली_मिरज

आमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी चार तास अर्धवेळ, सकाळी ७ ते ११. पूर्णवेळवाल्यांशी तुलना करताना मालकांनी तासांनी भागलं, वाटलं न्याय झाला. पण उपाशीपोटीचे सगळे सॅम्पल सकाळीच येतात, दिवसाची निम्म्याहून जास्त रक्तं मीच काढते, मग माझा ताशी आकडा भारी दिसला आणि दुपारच्या मुलीचा पडला, तिचा काय दोष? ती तर मशीनचं कॅलिब्रेशन करत असते. म्हणून नुसत्या भागाकाराने काही होत नाही. तुमच्याकडे ताईंच्या टेबलावर अवघड पार्ट येतात की सोपे ते बघितलंत का?

क्यूसीवाला_चाकण

चांगला मुद्दा. अवघडच येतात, बोअर आणि थ्रेडवाले, कारण त्या चुकत नाहीत. म्हणजे २७ पण कमीच दिलेत बहुतेक.

काका, आज एचआर मॅनेजरशी बोललो. ते म्हणाले कंपनीच्या लेटरहेडवर ठेकेदाराच्या माणसाचं अप्रेझल केलं तर उद्या कोर्टात पुरावा होईल की ती आपलीच कामगार आहे. मग मुळात भरायला का सांगितलं असं विचारलं तर म्हणाले तोंडी मत हवं होतं. खरं आहे का हे?

रिटायर्ड_टाइमऑफिस

अर्धं खरं आहे. ठेका खरा की नावापुरता हे ठरवताना कोर्ट बघतं की नेमणूक कोणी केली, पगार कोण देतं, काढतं कोण, शिस्तीची कारवाई कोण करतं, कामावर ताबा कोणाचा. फॉर्म हा त्यातला एक तुकडा. पण तिची शिफ्ट तुम्ही लावता, तिला टेबल तुम्ही देता, लॉट थांबव म्हणून तुम्हीच सांगता. एवढं सगळं असताना एका फॉर्मची भीती म्हणजे घर उघडं टाकून खिडकीला कडी लावणं.

रीतसर मार्ग असा की ठेकेदाराला पत्र द्या: अमुक कामगार फायनल इन्स्पेक्शनला आहे, ही ही गेजेस वापरते, हे काम कुशल वर्गातलं आहे, वर्गवारी दुरुस्त करावी. मार्क न देता कामाचं वर्णन द्या. एक प्रत स्वतःकडे ठेवा.

सडेतोड_नाशिककर

काका म्हणजे कंपनीने हात झटकायचे आणि पत्र ठेकेदाराला? हे तर आडमार्गाने तेच झालं. तीन वर्षं एकाच टेबलावर काम करणारी बाई ठेकेदाराची कशी?

रिटायर्ड_टाइमऑफिस

तुमचा प्रश्न बरोबर आहे. पण तो युनियनने किंवा त्या बाईंनी उचलायचा, सुपरवायझरने अप्रेझलच्या फॉर्ममधून नाही. त्याची नोकरी जाईल आणि तिचीही.

क्यूसीवाला_चाकण

अपडेट देतो, लोकांनी मेसेज करून विचारलं म्हणून.

काल ताईंशी बोललो, कॅन्टीनमध्ये नाही, टेबलावरच, शिफ्ट सुटल्यावर. आधीच सांगितलं की या बोलण्याने परमनंट होणार नाही आणि इन्क्रिमेंट माझ्या हातात नाही. मग काम काय चांगलं आणि कुठे सुधारायचं ते. थ्रेड गेज फिरवताना घाईत जोर लावतात, गेज झिजतं, ते दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं. मला वाटलं पगाराचं विचारतील. त्या म्हणाल्या, "साहेब, टॅगवर माझं नाव लिहिलं तर चालेल का? आणि सोडून गेले तर कागदावर हेल्पर नका लिहू."

टॅगवर 'तपासणारा' असा रकाना वाढवलाय, त्याला कोणाची परवानगी लागली नाही. रिपोर्टमध्ये लॉगिन नाही तरी शेऱ्यात त्यांचं नाव टाकायला त्या मुलाला सांगितलंय, तो पण तयार झाला, जरा ओशाळला.

वर्गवारीचं पत्र एचआरकडे गेलंय. ठेकेदार म्हणतो दर वाढला तर फरक आणि त्यावरचं सर्व्हिस चार्ज कंपनीला बिल करणार, आणि परचेस म्हणतंय रेट कॉन्ट्रॅक्ट मार्चपर्यंत फिक्स आहे, तोवर हात लावणार नाही. काका, मार्चपर्यंत थांबायचं की आत्ताच दुसरं पत्र लावू? आणि उरलेल्या पाच जणांच्या स्लिपाही मागवल्यात, त्यातले तिघं पण हेल्परच आहेत.

रिटायर्ड_टाइमऑफिस

थांबू नका. चौघांचं एकत्रच पत्र लावा. किमान वेतनाला रेट कॉन्ट्रॅक्टची मुदत आड येत नाही, हे परचेसला लेखी विचारायला लावा, तोंडी नको. लेखी 'नाही' सहसा कोणी देत नाही.