डोस दुप्पट केला, एलडीएल का नाही उतरलं? तक्ता की आकृती?

ऋचा, दुसरं वर्ष
फार्मॅकच्या तोंडी परीक्षेत विचारलं, ‘अटोर्व्हास्टॅटिन १० चं २० केलं तर परिणामही दुप्पट होईल का?’ मी हो म्हटलं. मॅडम म्हणाल्या, ‘पहिल्या वर्षाचं बायोकेम कुठे सांडलंस?’ औषधांचा तक्ता मला तोंडपाठ आहे. तो सोडून लायपोप्रोटीनच्या आकृतीवरच औषधं शिकावीत का?

ओंकार
तक्ता सोडू नकोस. स्टॅटिन एचएमजी-कोए रिडक्टेज अडवतं, यकृतात कोलेस्टेरॉल कमी बनतं, म्हणून रक्तातलं एलडीएल उतरतं. मला याच ओळीवर पूर्ण गुण मिळालेत. टिळक रोडच्या अभ्यासिकेत रात्री अकरा वाजता आकृत्या काढत बसायला वेळ कुणाकडे आहे?

वसुधाताई, बायोकेम शिकवते
ओंकार, तुझ्या ओळीतला प्रत्येक शब्द बरोबर आहे, फक्त ‘म्हणून’ चुकलाय. यकृतात कमी बनलं म्हणून रक्तातलं आपोआप कमी होत नाही. पेशीत कोलेस्टेरॉलची चणचण झाली की एसआरईबीपी-२ हे प्रथिन एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममधून गॉल्जीत जातं, तिथे त्याचे तुकडे होतात आणि सुटा झालेला भाग केंद्रकात जाऊन एलडीएल रिसेप्टरचा जीन चालू करतो. रिसेप्टर वाढतात आणि यकृत रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल मिळालं ते याच रिसेप्टरच्या कामासाठी.

आता ऋचाचा प्रश्न. तोच एसआरईबीपी-२ पीसीएसके९ चा जीनही चालू करतो, आणि पीसीएसके९ रिसेप्टर मोडीत काढतो. रिडक्टेजही पेशी जास्त बनवायला लागते. म्हणजे एक हात देतो, दुसरा काढून घेतो. त्यामुळे डोस दुप्पट केला की एलडीएल मूळ आकड्याच्या जेमतेम ६ टक्के आणखी उतरतं. समजा एलडीएल २०० आहे. १० मिलिग्रॅमला साधारण १२४ होतं, २० ला ११२, ४० ला १००. पण १० वरच ठेवून एझेटिमाइब जोडलं तर? ते आतड्यात एनपीसी१एल१ अडवतं, यकृताला पोहोचणारं कोलेस्टेरॉल घटतं आणि १२४ चा साधारण पाचवा हिस्सा आणखी जातो. आलो १०० च्या आसपास, म्हणजे जवळपास ४० मिलिग्रॅमच्या जागी. तक्त्यात ही दोन औषधं दोन वेगळ्या ओळींत बसतात, त्यामुळे त्यांचं हे नातं दिसतच नाही.

तन्मय
मग होमोझायगस फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमियात स्टॅटिन शून्य काम करणार. रिसेप्टरच नाही तर वाढणार काय?

वसुधाताई
दिशा बरोबर पकडलीस, ‘शून्य’ काढून टाक. बऱ्याच रुग्णांत रिसेप्टर अधू असतो, पण अगदीच नसतो असं नाही. त्यांच्यात थोडा उतार दिसतो. ज्यांच्यात रिसेप्टर जवळजवळ नाहीच, त्यांच्यातही कधी कधी थोडं उतरतं. यकृत व्हीएलडीएल कमी सोडतं म्हणून, असं एक स्पष्टीकरण देतात. मला ते पुरेसं वाटत नाही. लोमिटापाइड मात्र एमटीपी अडवून व्हीएलडीएल जुळणंच थांबवतं. त्याला रिसेप्टर लागत नाही, म्हणून ते इथे उपयोगी पडतं.

सागर, कोथरूड
मी डॉक्टर नाही, पण माझ्याच घरचा विषय निघालाय म्हणून विचारतो. बाबांच्या रिपोर्टमध्ये ट्रायग्लिसराइड ११०० आहे, एलडीएलची जागा कोरी आहे. एलडीएल कळलंच नाही, तर स्टॅटिनचा डोस वाढवून टाकावा का?

वसुधाताई
सागर, नका वाढवू. बाबांना आजच डॉक्टरांकडे न्या. पोटात जोराचं दुखायला लागलं तर थेट कॅज्युअल्टी गाठा, कारण या आकड्याला स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. एलडीएलची जागा बहुधा हिशोबामुळे कोरी आहे. नेहमीच्या सूत्रात ट्रायग्लिसराइडला ५ ने भागून व्हीएलडीएल धरतात, आणि ४०० च्या वर ते चालत नाही.

ऋचा, बघ, ही वाटच वेगळी. इथे अडकलंय लायपोप्रोटीन लायपेजच्या टप्प्यावर. फेनोफायब्रेट पीपीएआर-अल्फामार्फत हे लायपेज वाढवतं आणि त्याला अडवणारं अपो-सी३ घटवतं. अशा रुग्णात फायब्रेटनंतर एलडीएल वाढलेलंही दिसू शकतं, कारण तुंबलेलं व्हीएलडीएल आता पुढे सरकून एलडीएल होतं. औषध चुकलं असं समजून घाबरू नकोस.

सागर
निघतोच आत्ता.

ऋचा
मग कोलेस्टिरामाइन? पित्ताम्लं बाहेर गेली की यकृत कोलेस्टेरॉल त्यांच्यासाठी खर्चणार, पुन्हा चणचण, पुन्हा रिसेप्टर. बरोबर?

वसुधाताई
अगदी. पण त्याने यकृतातून व्हीएलडीएलही जास्त सुटतं, म्हणून सागरच्या बाबांसारख्या रुग्णाला ते द्यायचं नाही.

ओंकार
‘म्हणून’ची चूक मान्य आहे, ताई. पण परवा पेपर आहे. निकोटिनिक ॲसिड, ओमेगा-३, सगळ्यांचे दुष्परिणाम आकृतीवर कुठे लिहायचे? फ्लशिंगला तर लायपोप्रोटीनमध्ये जागाच नाही. माझा तक्ता राहणार.

ऋचा
दुष्परिणामांना तुझा तक्ता घेते. मधला ‘कसं काम करतं’चा रकाना मात्र आज फाडला.